या स्क्रिप्टमध्ये बोलतंय कोण?

सोयाबीनचं घरचं बियाणं उगवतं की नाही हे पेरणीआधी कसं तपासायचं यावर एक पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता, लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्यांसाठी, आणि त्याची स्क्रिप्ट माझ्याकडे "मॅडम, माहिती फायनल आहे, फक्त भाषा बघा जरा" असं म्हणत आली. माहिती खरंच फायनल वाटत होती. १०० दाणे, ओलं गोणपाट, सहा-सात दिवस, ७० टक्के उगवण, एकरी ३० किलो, सगळं जिथल्या तिथे. पण मोठ्याने वाचायला घेतली की तिसऱ्या वाक्यालाच काहीतरी खटकायचं, आणि काय खटकतंय ते पटकन सांगताही यायचं नाही, कारण एकेक वाक्य वेगळं काढून बघितलं तर त्यात चूक कुठेच नाही. मधला एक तुकडा बघा:

"शेतकरी बंधूंनो, उगवणक्षमता चाचणी घरच्या घरी करता येते. यासाठी शेतकऱ्यांनी प्रत्येक पोत्यातून थोडे थोडे बियाणे काढावे. त्यातले आपण सरसकट १०० दाणे घेणार आहोत. गोणपाटाचा एक तुकडा ओला करून घ्या. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी कराव्यात. आता आम्ही यावर दुसरा तुकडा टाकतो. ही गुंडाळी सावलीत ठेवली जाते. सहा-सात दिवसांनी आपण आपले उगवलेले दाणे मोजावेत."

आठच वाक्यं आहेत. पहिल्यात शेतकरी समोर बसलाय, दुसऱ्यात तो उठून गेलाय आणि त्याच्या माघारी कोणीतरी त्याच्याबद्दल बोलतंय, तिसऱ्यात तो आणि आपण मिळून दाणे घेतोय, चौथ्यात त्याला थेट सांगितलंय, पाचव्यात कोणाला सांगितलंय ते कळत नाही, सहाव्यात 'आम्ही' नावाची मंडळी अचानक आली आणि त्याच्या हातातलं गोणपाट काढून घेतलं, सातव्यात गुंडाळी आपोआप सावलीत जाऊन बसली, आणि आठव्यातला 'आपण' हा तिसऱ्यातला 'आपण' नाहीच, तो आदरार्थी 'तुम्ही' आहे. कागदावर डोळा हे सगळं माफ करतो, कानाला ते जमत नाही. ऐकणाऱ्याला व्याकरण सांगता येणार नाही पण 'हे मी करायचंय की हे लोक करून दाखवतायत' हा गोंधळ त्याच्या डोक्यात राहतोच, आणि या व्हिडिओत तर सगळा मुद्दाच तो आहे, चाचणी त्याने स्वतः करायची आहे.

असं का होतं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. स्क्रिप्ट कुठून कुठून गोळा केलीय ते सर्वनामांवरून अगदी स्वच्छ दिसतं. 'शेतकऱ्यांनी काढावे, ओळी कराव्यात, चाचणी घ्यावी' हे घडीपत्रिकेतून आलंय, छापील शेतीसल्ल्याची भाषा वर्षानुवर्षं हीच आहे. 'आपण घेणार आहोत, आपण घाई करतो' हे कोणत्यातरी शास्त्रज्ञांच्या भाषणावरून उतरवलंय, समोर माणसं बसलेली असली की बोलणारा आपोआप 'आपण'वर येतो. 'करून घ्या, टाका, मोजा' हे गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्याने लिहिलेलं, आणि 'आम्ही टाकतो' हे शूटिंगच्या दिवशी कॅमेऱ्यासमोर जो होता त्याचं. चार माणसांची चार तोंडं एका व्हॉइसओव्हरमध्ये कोंबली की हे होणारच. म्हणून अशी स्क्रिप्ट आली की मी आधी जोड कुठे आहेत ते शोधते, कारण जिथे सर्वनाम बदलतं तिथे बहुतेक वेळा माहितीचाही सांधा असतो, आणि तिथे एखादी पायरी दोनदा तरी आलेली असते नाहीतर गळलेली तरी असते. इथे गळली होती: दाणे 'न निवडता' घ्यायचे हे 'सरसकट' या एका शब्दात उरकलं होतं, आणि पोत्याच्या वरून, मधून, खालून असा नमुना काढायचा हे तर कुठेच नव्हतं. माणूस चाचणीला बसला की हात आपसूक टपोऱ्या दाण्याकडे जातो, मग उगवण ८५ टक्के दिसते आणि शेतात ६० निघते.

वाक्यांना हात लावायच्या आधी मी पहिल्या पानाच्या डोक्यावर चार ओळी लिहिल्या. बोलणारी कोण: कृषी सहायक बाई, एकटी. ऐकणारं कोण: घरचं बियाणं राखून ठेवलेलं शेतकरी कुटुंब. 'तुम्ही' म्हणजे ते कुटुंब, दुसरं कोणी नाही. 'आम्ही' म्हणजे ज्यांनी स्वतः ही चाचणी गावात घेतली ती टीम, आणि तीही फक्त घडून गेलेल्या गोष्टीपुरती. या चार ओळी नसल्या की प्रत्येक वाक्याला नवीन वाद होतो, असल्या की वाद एकदाच होतो.

आणि वाद झालाच. व्हिडिओ करणाऱ्या संस्थेकडच्या मुलाचं म्हणणं 'आपण'च ठेवा सगळीकडे, आपुलकी वाटते. वाटते, नाकारत नाही. पण आपल्याकडे 'आपण' हा फार लोकांच्या घरी जेवणारा पाहुणा आहे. 'आपण दाणे मोजू' यात बोलणारी आणि ऐकणारा दोघं आहेत, 'आपण दाणे मोजावेत' यात फक्त ऐकणारा आहे आणि तोही सभेत पहिल्या रांगेत बसवलेला, आणि मुंबईच्या नाक्यावर 'आपण नाय मोजणार' म्हटलं की त्यात फक्त बोलणारा उरतो. एकाच स्क्रिप्टमध्ये हे पहिले दोन अर्थ आळीपाळीने यायला लागले की आपुलकी राहते बाजूला, आणि कोणी काय करायचं तेच निसटतं. दुसरं म्हणजे खोटेपणाचा प्रश्न आहे. 'आपण पेरणी करणार आहोत' असं ज्या बाईने म्हणायचं ती काही पेरणी करणार नाहीये, तिच्या खिशातून बियाण्याचे पैसे जाणार नाहीयेत, आणि दुबार पेरणीची वेळ आली तर ती कोणावर येणार हे ऐकणाऱ्याला पक्कं माहीत आहे. तिथे 'आपण' म्हटलं की ते गोड लागण्याऐवजी जरा चिकट लागतं.

'शेतकऱ्यांनी करावे' तर मी लगेच बाद केलं. छापील कागदावर ते चालतं, तो कागद सगळ्यांसाठी असतो. पण मोबाईलवर कानाजवळ एक आवाज बोलतोय आणि तो 'शेतकऱ्यांनी' म्हणतोय म्हणजे ऐकणाऱ्याला वाटणार दुसऱ्या कोणाला तरी सांगतायत. राहिलं 'तुम्ही'. साधं, सरळ, आदर आहे आणि काम कोणाचं ते स्पष्ट. शिवाय 'तुम्ही'ला आज्ञार्थ मिळतो, 'घ्या, ठेवा, मोजा', आणि कृती शिकवणाऱ्या व्हिडिओत याच्याइतकं छोटं क्रियापद दुसरं नाही. 'बंधूंनो' त्याच वेळी काढलं. बियाणं निवडणं, पाखडणं, गोणपाट ओलं ठेवणं ही कामं घरात कोण करतं ते सगळ्यांना माहीत असताना तिलाच हाकेतून वगळायचं हे काही बरं नाही. 'तुम्ही' म्हटलं की बंधू-भगिनींची जोडीही लावावी लागत नाही.

ठरवणं झालं, आता बदलायचं, आणि इथे माणसं फसतात. त्यांना वाटतं फाइंड-रिप्लेस मारलं की झालं, 'आपण'च्या जागी 'तुम्ही'. आता आठपैकी सर्वनाम असलेली वाक्यं मोजून बघा, तीनच आहेत. बाकीच्या वाक्यांत माणूस क्रियापदाच्या शेपटीत बसलाय किंवा मुद्दाम लपवलाय. मराठीत 'घ्या' म्हटलं की 'तुम्ही' आलं, 'घेऊ' म्हटलं की 'आपण' आलं, 'घ्यावे' म्हटलं की कोणीही येऊ शकतं, आणि 'घेतले जाते' म्हटलं की कोणीच येत नाही. म्हणून मी सर्वनामं शोधतच नाही, प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद अधोरेखित करते आणि वर पेन्सिलीने एक अक्षर लिहिते, 'तु', 'आ', 'ते', आणि कर्ता सापडत नसेल तर नुसतं प्रश्नचिन्ह. ही अक्षरं उभी वाचत गेलं की स्क्रिप्टचा आजार पानभर दिसतो. नकारही याच फेरीत पकडायचे, कारण होकार सगळे 'करा' झाले तरी नकार 'करू नये' असे मागे राहून जातात, 'पाणी शिंपडा पण साचू देऊ नये' अशी वाक्यं फायनल व्हिडिओंत सुद्धा ऐकू येतात. 'साचू देऊ नका', बस.

उलट एक जागा अशी आहे की जिथे बदलायचं नसतं आणि लोक उत्साहात बदलतात, ती म्हणजे 'आपला'. 'प्रत्येक शेतकरी आपलं बियाणं वेगळं ठेवतो' यातलं 'आपलं' हे 'आपण'चं नाही, ते त्या शेतकऱ्याचं स्वतःचं आहे. तिथे रिप्लेसने 'तुमचं' झालं तर वाक्य असं होतं की प्रत्येक शेतकरी तुमचं बियाणं वेगळं ठेवतो, म्हणजे गावात सगळे तुमच्या बियाण्याच्या मागे लागलेत. कर्ता 'तुम्ही' असेल तेव्हा मात्र मी 'तुमचं' किंवा 'घरचं' करते, नाहीतर 'आपल्या'ची शेपटी परत 'आपण'ला आत घेऊन येते.

भूतकाळात अजून एक बारकी गंमत आहे. 'तुम्ही पेरलंत' की 'तुम्ही पेरलं'? पुस्तकी कानाला तो शेवटचा 'त' हवा असतो. आमची आवाज देणारी ताई लातूरकडचीच, ती म्हणाली, "आमच्याकडं असं कुणी बोलत नाही, मी वाचीन पण ते पुण्याचं वाटंल." मग 'त' सगळीकडून काढला. सगळीकडून हे महत्त्वाचं, अर्ध्या वाक्यांत ठेवून अर्ध्यांत काढला असता तर पुन्हा दोन माणसं बोलायला लागली असती.

इथपर्यंतचं काम हाताचं आहे, सवयीने होतं. अवघड जागा पुढे आली. मूळ स्क्रिप्टमध्ये एक वाक्य होतं: "पहिल्याच पावसावर पेरणीची घाई केली जाते आणि नंतर पावसाचा खंड पडल्यास बियाणे वाया जाते." नियमाप्रमाणे 'तुम्ही'त आणलं तर होतं 'तुम्ही पहिल्याच पावसावर पेरणीची घाई करता'. झालं ना भांडण! माहिती तीच, पण कर्ता उघडा केल्याबरोबर ती तक्रार झाली, आणि ऐकणारा म्हणणार, मी कशाला घाई करतो, तुम्हाला काय माहीत माझ्या रानाची ओल. शास्त्रज्ञांनी इथे 'आपण घाई करतो' म्हटलं होतं ते याचसाठी, दोष सगळ्यांत वाटून घेतला की टोचत नाही. घडीपत्रिकेने कर्ताच गिळला होता, तोही याचसाठी. म्हणजे आधीच्या लोकांनी सर्वनाम बदललं होतं ते नुसत्या निष्काळजीपणाने नाही, त्यांना एक कडू गोष्ट सांगायची होती आणि प्रत्येकाने आपापली पळवाट काढली होती. मग मी माणसालाच वाक्यातून बाजूला केलं आणि पावसाला पुढे आणलं: "पहिला पाऊस फसवा असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, मग पेरा." दोष कोणालाच नाही आणि 'तुम्ही'ही मोडला नाही. अशी वाक्यं अजूनही होती, 'बीजप्रक्रियेकडे दुर्लक्ष होते', 'जुने बियाणे न तपासता वापरले जाते', सगळ्यांना हाच उपाय, तक्रार टाकून द्यायची आणि करायची गोष्ट तेवढी ठेवायची. "पेरणीआधी बियाण्याला आधी बुरशीनाशक चोळा, मग रायझोबियमचं जिवाणूखत, आणि सावलीत वाळवा." दुर्लक्ष कोण करतं हे सांगून काय मिळणार होतं?

दुसरी जागा प्रश्नचिन्हातून सापडली. "बियाण्याची हाताळणी काळजीपूर्वक करण्यात यावी, पोती आपटू नयेत." सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं आणि अंकुर त्या सालाच्या अगदी खालीच असतो, पोतं उंचावरून टाकलं की दाणा बाहेरून धड दिसतो पण आतून गेलेला असतो. मी सरळ 'पोती आपटू नका' केलं आणि पुढे गेले असते, पण वर 'तुम्ही म्हणजे ते कुटुंब' असं लिहून ठेवलेलं, मग प्रश्न पडला की पोती टेम्पोतून उतरवतं कोण. हमाल उतरवतात, नाहीतर टेम्पोवाल्याबरोबरची पोरं. म्हणजे 'आपटू नका' हे ज्याला सांगतोय तो आपटतच नाहीये. शेवटी असं झालं: "पोती उतरवताना स्वतः उभे राहा, आणि उतरवणाऱ्यांना सांगा की बियाण्याचं पोतं आहे, हळू ठेवा." इथे 'ते' आले, हमाल, आणि ते यायलाच हवेत. एकच संबोधन ठेवायचं म्हणजे बाकीची सर्वनामं हद्दपार करायची असं नाही, प्रत्येक सर्वनामाने शेवटपर्यंत एकाच माणसाकडे बोट दाखवायचं एवढंच. 'आम्ही'ही एका ठिकाणी तसाच राहिला, "मागच्या वर्षी आम्ही गावात घरोघरी ही चाचणी घेतली तेव्हा एकाच घरच्या दोन पोत्यांचे निकाल वेगळे आले", हे खरंच त्यांनी केलेलं आहे आणि ते 'तुम्ही'च्या तोंडी देता येणार नाही.

'आपण'लाही मी एक फट ठेवली, पण कडक अटीवर. स्क्रीनवर गोणपाट उलगडतंय आणि ताई म्हणतेय 'बघूया किती उगवले', तर ते ठीक आहे, कारण त्या क्षणाला ती आणि बघणारा खरोखर एकाच वेळी एकच गोष्ट बघतायत. बघायचं असेल तिथे 'बघूया', करायचं असेल तिथे 'करा'. 'आता ओळी लावूया' मात्र नाही. हा भेद संस्थेतल्या मुलाला जरा जास्तच वाटला, त्याचं म्हणणं कोण एवढं बघतंय, पण त्याने स्वतः डोळे मिटून दोन्ही वाक्यं सलग पुटपुटून बघितली आणि मग काही बोलला नाही.

वर दिलेला तुकडा शेवटी असा झाला:

"घरचं बियाणं पेरणार असाल तर ते उगवतं का ते आधी तपासा. प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून आणि खालून, थोडं थोडं बियाणं काढा आणि एकत्र मिसळा. त्यातले १०० दाणे मोजून घ्या, चांगले-वाईट निवडू नका, हाताला येतील तसे घ्या. गोणपाटाचा तुकडा ओला करा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावा. वरून दुसरा ओला तुकडा टाका, गुंडाळा आणि सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडा, पण साचू देऊ नका. सहा-सात दिवसांनी उलगडा. बघूया किती उगवले."

पुढे आकड्यांचा भाग होता, आणि तिथे 'तुम्ही'ने एक वेगळंच काम केलं. मूळात होतं, "उगवणक्षमता ७० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास त्या प्रमाणात बियाण्याचे प्रमाण वाढवावे." आता 'वाढवा' करून पुढे जाता आलं असतं, पण समोर माणूस बसवला की तो विचारतो, किती वाढवू? 'वाढवावे' हे हवेत सोडलेलं असतं म्हणून त्याला कोणी उलट विचारत नाही. मग हिशोब लिहिला: "तुमचे १०० पैकी ७० किंवा जास्त दाणे उगवले असतील तर एकरी ३० किलो बियाणं पुरे. ६० उगवले असतील तर एकरी ३५ किलो घ्या." तीस गुणिले सत्तर भागिले साठ, पस्तीस, एवढंच गणित आहे. पण ते करायचं काम शेतकऱ्यावर टाकलंय हे त्या जुन्या वाक्यात दिसतच नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या वेळी ताईने एकदाच थांबवलं, स्क्रीनवर येणाऱ्या पाट्यांसाठी. आवाजात 'सावलीत ठेवा' चाललंय आणि पाटीवर 'गुंडाळी सावलीत ठेवावी' लिहिलंय, कारण पाट्यांची फाइल वेगळी होती आणि ती ग्राफिक्सवाल्याकडे आधीच गेली होती. हे नेहमी होतं, स्क्रिप्ट सुधारली जाते आणि पाट्या, सबटायटल, व्हिडिओखालचं वर्णन ही भावंडं जुन्याच कपड्यांत राहतात. पाट्यांना मी 'करा' लावत नाही, आवाज बोलतोय तेच डोळ्याला परत वाचायला दिलं की कंटाळवाणं होतं, मी त्यातून क्रियापदच काढते. 'सावलीत, ६-७ दिवस.' 'दाणे १००, ओळी १०.' क्रियापद नाही म्हणजे माणूस नाही, माणूस नाही म्हणजे भांडण नाही.

शेवटच्या पाटीवर मात्र अडलं. "अधिक माहितीसाठी आपल्या नजीकच्या कृषी कार्यालयाशी संपर्क साधावा." मी 'तुमच्या कृषी सहायकांना विचारा' सुचवलं, वरून उत्तर आलं की ही ओळ ठरलेली आहे, सगळ्या व्हिडिओंना हीच जाते. ठीक आहे म्हटलं, पाटीवर जाऊ दे, पण ताईच्या तोंडी नको. ते मान्य झालं. मग त्या पाटीवर ताई काय बोलणार असा प्रश्न आला, पाच सेकंद रिकामी जात होती, तर तिथे बीजप्रक्रियेचा क्रम परत एकदा टाकला, तो माणसं विसरतात.